ॲड-ऑन क्रेडिट कार्ड : खर्च घराचा, कर्ज एकाच्या नावावर

मोहने-आंबिवलीच्या चाळींत आणि वसाहतींत एक चित्र आम्हाला वारंवार दिसते. घरात कमावणारे तीन-चार जण असतात, पण महिन्याच्या ठरलेल्या तारखेला खात्यात पगार आणि हातात पगारपत्रक येते ते एकाच्याच. बाकीचे कुणी पार्सल पोहोचवतात, कुणी ठेकेदाराकडे रोजावर जातात, कुणी शिकवण्या घेतात. नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन म्हणजे आपली एनआरसी 2009 च्या नोव्हेंबरमध्ये बंद पडली आणि थकीत देण्यांसाठी कामगारांना पुढे वर्षानुवर्षे लढावे लागले. त्याआधी याच भागात घरटी एक कायम नोकरी ही नवलाची गोष्ट नव्हती. आता पगारपत्रक हीच घराची एक मालमत्ता झाली आहे. बँक क्रेडिट कार्ड देते ते त्या पगारपत्रकाकडे बघून, आणि मग त्या एका कार्डाच्या फांद्या घरातल्या बाकीच्यांच्या हातात जातात. या फांदीला ॲड-ऑन कार्ड म्हणतात.

या विषयावर लिहायचे कारण असे की विहारातल्या रविवारच्या बैठकीनंतर जे तरुण आमच्याशी बोलायला थांबतात, त्यांच्यापैकी बहुतेकांना ॲड-ऑन कार्ड म्हणजे 'वाटून घेतलेली जबाबदारी' वाटते. भावाने वापरले तर भाऊ भरेल, बहिणीने वापरले तर बहीण भरेल. घरात असे ठरवता येते, पण बँकेच्या दप्तरात तशी नोंद नसते.

वही एक, घेणारे अनेक

ॲड-ऑन कार्डाची तुलना आम्ही किराणा दुकानातल्या वहीशी करतो. वही वडिलांच्या नावावर असते. पोरे येऊन साबण, तेल, बिस्किटे घेऊन जातात, दुकानदार लिहून ठेवतो. महिनाअखेरीस दुकानदार पोरांना विचारत नाही, वडिलांकडे जातो. ॲड-ऑन कार्डाचेही तसेच आहे. कार्डाचे प्लास्टिक वेगळे असते, त्यावर नाव वेगळे असते, बहुतेक बँकांत क्रमांक आणि पिनही वेगळा असतो. खाते मात्र एकच, लिमिट एकच आणि स्टेटमेंटही एकच.

रिझर्व्ह बँकेने 21 एप्रिल 2022 रोजी क्रेडिट आणि डेबिट कार्डांविषयी जे सविस्तर निर्देश काढले, त्यात हे स्पष्ट केले आहे. ॲड-ऑन कार्ड मुख्य कार्डधारकाने नाव घेऊन सांगितलेल्या व्यक्तीलाच द्यायचे आणि देणे मुख्य कार्डधारकाचेच राहील, या स्पष्ट समजुतीवर द्यायचे. म्हणजे धाकट्याने काढलेला मोबाईल हे कायद्याच्या नजरेत थोरल्याचे कर्ज आहे. 'मी घेतलेच नाही' हे उत्तर चालत नाही, कारण कार्ड त्याला द्या असे थोरल्यानेच लिहून दिलेले असते.

आमच्या भागातल्या जुन्या लोकांना पतपेढीचे कर्ज आणि बचत गट नीट माहीत आहेत, आणि गोंधळ तिथूनच येतो. पतपेढीत जामीनदार सही करतो तेव्हा कर्ज दुसऱ्याचे असते, पण फसले तर तोही अडकतो. गटात एकीने हप्ता चुकवला तर बाकीच्या बाया तिच्या दारात जातात. दोन्हीकडे वापरणारा पहिला जबाबदार असतो आणि दुसरा त्याच्या मागे उभा असतो. ॲड-ऑन कार्डात उलटे आहे. वापरणारा बँकेसमोर जवळजवळ नसतोच, आणि न वापरणारा पूर्ण जबाबदार. काही बँकांच्या करारात ॲड-ऑन धारकालाही संयुक्तपणे बांधणारे कलम असते, म्हणून ज्याला कार्ड मिळणार आहे त्यानेही अर्जावर सही करण्याआधी ते पान वाचावे. पण त्या कलमाने मुख्य धारकाचा भार कमी होत नाही.

कार्ड कुणाला मिळते? साधारणपणे पती-पत्नी, आई-वडील, भावंडे आणि 18 वर्षांवरील मुलांना. काही बँका सासू-सासऱ्यांनाही देतात, काही 18 च्या आतल्या मुलांनाही. उत्पन्नाचा पुरावा मागत नाहीत, पण ओळखीची आणि पत्त्याची कागदपत्रे मात्र ॲड-ऑन धारकाचीही लागतात. बऱ्याच ठिकाणी पहिली दोन-तीन कार्डे फुकट असतात. फुकट असल्यामुळेच लोक फार विचार न करता घेतात, असा आमचा अनुभव आहे.

एका घराचा हिशेब

एक घर डोळ्यांसमोर धरू. अशी घरे आम्ही अनेक पाहिली आहेत, इथले आकडे हिशेब सोपा व्हावा म्हणून गोल केले आहेत. थोरला भाऊ भिवंडीच्या गोदामात सुपरवायझर, हातात 34,000 रुपये. कार्डाची लिमिट 1,20,000. एक ॲड-ऑन आईकडे, दुसरे धाकट्याकडे. धाकटा बाईकवर पार्सल पोहोचवतो, त्याची कमाई आठवड्यागणिक बदलते. स्टेटमेंट दर महिन्याच्या 18 तारखेला निघते आणि पैसे भरायची शेवटची तारीख 5.

सप्टेंबरच्या 18 तारखेचे स्टेटमेंट आले ते 54,000 रुपयांचे. थोरल्याचा स्वतःचा खर्च 11,400, आईची औषधे 4,000 आणि धाकट्याचे 38,600. त्यात 24,000 चा मोबाईल, बाईकचे दोन टायर, दुरुस्ती आणि पेट्रोल. मोबाईल चैनीचा नव्हता, ॲपवर ऑर्डर घ्यायला जुना फोन चालेना. धाकटा म्हणाला, "दादा, तू तुझे भर, माझे मी पुढच्या पेमेंटला देतो." थोरल्याने 5 ऑक्टोबरला 20,000 भरले. त्याच्या मनातला हिशेब असा : माझे 11,400, आईचे 4,000, म्हणजे 15,400, वर 4,600 मी धाकट्याचेही भरले. आता राहिले ते त्याचे.

बँकेला हा हिशेब दिसत नाही. स्टेटमेंटवर प्रत्येक कार्डाचा खर्च वेगळा छापलेला असला तरी भरलेले पैसे कुठल्या कार्डाचे हे विचारले जात नाही. बँकेच्या लेखी 54,000 देणे होते, 20,000 आले, 34,000 राहिले, थोरल्याच्या नावावर. किमान भरायची रक्कम, म्हणजे मिनिमम ड्यू, अशा कार्डावर साधारण पाच टक्के धरली तर 2,700 होती. ती भरली गेल्यामुळे उशिराचा दंड लागला नाही आणि खाते थकीतही दिसले नाही. थोरल्याला वाटले सगळे ठीक आहे.

पण पूर्ण रक्कम न भरल्याबरोबर दोन गोष्टी झाल्या. पहिली म्हणजे राहिलेल्या रकमेवर व्याज लागले, आणि ते 5 ऑक्टोबरपासून नव्हे तर खरेदी केली त्या दिवसापासून. या घरातली खरेदी सरासरी 3 सप्टेंबरला झाली असे धरू. दर महिन्याला 3.6 टक्के, म्हणजे वर्षाला 43.2 टक्के, हा क्रेडिट कार्डावरचा नेहमीच्या पट्ट्यातला दर आहे. 34,000 रुपयांवर दिवसाला सुमारे 40 रुपये. पुढचे स्टेटमेंट 18 ऑक्टोबरचे, म्हणजे 45 दिवस, व्याज झाले 1,811 रुपये. त्यावर 18 टक्के जीएसटी 326. एकूण 2,137.

दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. बाकी शिल्लक असेपर्यंत नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदत संपते. 1 ऑक्टोबरच्या आसपास आईच्या औषधांचे आणि घरातल्या सामानाचे 9,500 झाले होते, त्यावरही पहिल्या दिवसापासून व्याज सुरू झाले. 18 ऑक्टोबरच्या स्टेटमेंटमध्ये व्याज आणि जीएसटी मिळून सुमारे 2,300 दिसले आणि एकूण देणे 45,800 झाले. धाकट्याच्या बाकीचे व्याज आईच्या औषधांनाही लागले, असे आम्ही म्हणतो तेव्हा लोकांना मुद्दा चटकन कळतो.

मग घरात वाद. थोरल्याने दिवाळीचा बोनस घातला, धाकट्याने 10,000 आणून दिले, असे मिळून 5 नोव्हेंबरला 28,000 भरले आणि उरलेले डिसेंबरमध्ये संपवले. तोपर्यंत व्याज आणि जीएसटीत सुमारे चार हजार रुपये गेले होते. त्यानंतरही एक शेपूट राहिले. डिसेंबरच्या 5 तारखेला स्टेटमेंटप्रमाणे सगळे भरूनही 18 डिसेंबरच्या स्टेटमेंटमध्ये चारशेच्या आसपास रुपये आले. हे 18 नोव्हेंबर ते 5 डिसेंबर या मधल्या दिवसांचे व्याज. 'आपण तर सगळे भरले' म्हणून लोक हे स्टेटमेंट उघडत नाहीत, चारशे रुपये राहतात, त्यावर दंड लागतो आणि क्रेडिट रिपोर्टवर उशिराची नोंद पडते. बाकी ओढलेल्या खात्यात पूर्ण रक्कम भरल्यानंतरचे निदान एक स्टेटमेंट तरी उघडून बघायलाच हवे.

भरायची शेवटची तारीख चुकलीच, तर तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाल्यावरच बँक खाते थकीत म्हणून कळवू शकते आणि उशिराचा दंड लावू शकते. दंडही उरलेल्या रकमेवर लावायचा, मूळ पूर्ण रकमेवर नाही. या तीन दिवसांवर भिस्त ठेवू नये, पण 5 तारीख विसरली आणि 6 ला आठवले तर घाबरून स्वस्थ बसण्यापेक्षा त्याच दिवशी भरावे.

लिमिट वाटून दिलेली नसते, ती सामायिक असते

दुसरा मोठा गैरसमज लिमिटबद्दल आहे. तीन कार्डे आणि 1,20,000 ची लिमिट म्हणजे प्रत्येकाला 40,000 असे नव्हे. तिघांपैकी कुणीही एकटा सगळी लिमिट संपवू शकतो. धाकट्याने सकाळी ती भरून टाकली तर संध्याकाळी आईचे कार्ड कल्याणच्या दवाखान्यात नाकारले जाईल, आणि का नाकारले हे तिला कळणार नाही. हप्त्यावर घेतलेली वस्तूही सुरुवातीला पूर्ण किमतीएवढी लिमिट अडवते आणि हप्ते फिटतील तशी थोडी थोडी सोडते.

यावर उपाय म्हणजे सब-लिमिट, आणि ज्या घरात आम्ही कार्डाविषयी बोलतो तिथे हीच गोष्ट आधी बघायला सांगतो. बऱ्याच बँका मुख्य धारकाला प्रत्येक ॲड-ऑन कार्डासाठी वेगळी मर्यादा ठरवू देतात, ॲपमध्ये किंवा कस्टमर केअरला कळवून. काही बँकांत ती रक्कम महिन्याची असते, काहींत एकूण लिमिटच्या टक्क्यांत. अर्ज भरतानाच हा रकाना असतो आणि तो रिकामा सोडला की बहुतेक वेळा पूर्ण लिमिट खुली होते. वरच्या घरात धाकट्याच्या कार्डाला 10,000 ची सब-लिमिट असती, तर मोबाईलच्या दुकानात कार्ड चाललेच नसते, फोन थोरल्याला आला असता आणि बोलणे खरेदीच्या आधी झाले असते.

ज्या बँकेत सब-लिमिट नाही तिथे दुसरी सोय आहे. रिझर्व्ह बँकेच्या 15 जानेवारी 2020 च्या परिपत्रकामुळे प्रत्येक कार्डावर दुकानातले स्वाइप, ऑनलाइन, टॅप करून आणि परदेशी व्यवहार वेगवेगळे चालू-बंद करता येतात आणि प्रत्येकाला रकमेची मर्यादा लावता येते. आईला फक्त औषधाच्या दुकानात कार्ड लागत असेल तर तिच्या कार्डावरचे ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार बंद ठेवावेत. टॅप करून 5,000 रुपयांपर्यंत पिन लागत नाही. कार्ड हरवण्याची भीती असेल तर तेही बंद करावे किंवा मर्यादा हजारावर आणावी.

ओटीपी कुणाच्या फोनवर येतो हेही आधी तपासावे. काही बँका तो ॲड-ऑन धारकाच्या नंबरवर पाठवतात, काही मुख्य धारकाच्या. मुख्य धारकाकडे येत असेल तर प्रत्येक ऑनलाइन खरेदी त्याला आधी कळते, ही एक नैसर्गिक चाळणी आहे. पण मग घरातले लोक फोनवरून 'ओटीपी सांग' म्हणतात आणि तशी सवय लागते. उद्या भामट्याने धाकट्याच्या आवाजात घाईने मागितला तरी सांगितला जाईल. फसवणुकीच्या व्यवहारात ग्राहकाची चूक नसेल आणि त्याने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर त्याच्यावर भार पडत नाही, असा 2017 चा नियम आहे. पण ओटीपी किंवा पिन स्वतःच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे सगळे नुकसान ग्राहकाचे.

लिमिट वाढवायची का?

बँकेकडून संदेश येतो : तुमची लिमिट 1,20,000 वरून 1,90,000 करण्यास आपण पात्र आहात. अनेक जण याला बढती समजतात. इथे दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. कार्डधारकाच्या स्पष्ट संमतीशिवाय बँक लिमिट वाढवू शकत नाही, तेव्हा संदेशाला उत्तर दिले नाही तर काहीच बदलत नाही. आणि मुख्य धारकाने संमती दिली की ॲड-ऑन कार्डांची झेपही त्याच क्षणी वाढते. सब-लिमिट टक्क्यांत असेल तर ती आपोआप फुगते, कुणी वेगळे विचारत नाही.

वाढ मागण्याचे एक कारण आम्हाला पटते. पगार खरोखर वाढला आहे, दर महिन्याला पूर्ण रक्कम भरली जाते, आणि तरीही लिमिटच्या अर्ध्याहून जास्त वापर होतो. क्रेडिट स्कोअर काढणाऱ्या कंपन्या लिमिटच्या किती भाग वापरला हे बघतात, आणि तो 30 टक्क्यांच्या आत ठेवावा असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. वरच्या घरात तीन जणांचा मिळून 54,000 खर्च 1,20,000 वर 45 टक्के होता. स्कोअर कुणाचा घसरतो? थोरल्याचा. पुढे घरासाठी कर्ज काढायला तो गेला तर हा आकडा त्याच्यासमोर ठेवला जाईल, धाकट्यासमोर नाही.

अर्ज करायचा तर अलीकडची तीन पगारपत्रके किंवा फॉर्म 16 जवळ ठेवावेत. बँक त्या वेळी क्रेडिट रिपोर्ट पुन्हा मागवू शकते आणि अशा चौकश्यांची नोंद रिपोर्टवर राहते, म्हणून नकार आला की लगेच दुसऱ्या-तिसऱ्यांदा मागू नये. बाकी फिटत नाही म्हणून लिमिट वाढवून घेणे हे आम्ही सर्वात वाईट कारण मानतो. 43 टक्क्यांच्या कर्जाला फक्त जास्त जागा मिळते.

लिमिटच्या वर जाऊ द्यायचे की नाही, याची सेटिंग वेगळी असते. तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय बँक लिमिट ओलांडू देऊ शकत नाही. अर्जाच्या वेळी नकळत टिक झाली असेल तर ॲपमध्ये 'ओव्हरलिमिट' शोधून बंद करावी, कारण वर गेलेल्या रकमेवर वेगळे शुल्क लागते. एकाच वेळी तीन जण कार्ड वापरतात तिथे असे सहज घडते.

लिमिट कमी करायची असेल तर

कमी करून मागता येते हे फार थोड्यांना माहीत असते. ॲपमध्ये 'लिमिट बदला' असा पर्याय असतो, नसेल तर कस्टमर केअरला फोन किंवा ईमेल करावा. फोन केला तर विनंती क्रमांक लिहून घ्यावा. समोरचा प्रतिनिधी बहुतेक वेळा परावृत्त करतो, 'सर, पुन्हा वाढवून मिळणार नाही' वगैरे म्हणतो. ते खरेही असू शकते, पण निर्णय तुमचा आहे.

मात्र वेळ चुकवू नये. आजच्या बाकीपेक्षा खाली लिमिट येत नाही, आणि बाकी मोठी असताना कमी केली तर वापराचे प्रमाण एकदम वाढलेले दिसते. 34,000 बाकी असताना 1,20,000 वर ते 28 टक्के होते. त्याच दिवशी लिमिट 60,000 केली असती तर 57 टक्के झाले असते. एक रुपयाही जास्त खर्च न करता स्कोअरला धक्का. म्हणून आधी बाकी संपवावी, दोन स्टेटमेंट स्वच्छ जाऊ द्यावीत, मग लिमिट कमी करावी. आणि अडचण फक्त घरातल्या एका कार्डाची असेल तर मुख्य लिमिटला हातही न लावता त्या कार्डाची सब-लिमिट कमी करावी. आमच्या मते दहापैकी आठ घरांना एवढेच पुरते.

कधी बँक स्वतःहूनही लिमिट कमी करते, हप्ते चुकल्यावर किंवा दुसरीकडे कर्ज वाढलेले दिसल्यावर. तसे केल्यास कार्डधारकाला कळवणे तिला बंधनकारक आहे. तो संदेश मुख्य धारकाला येतो. त्याने घरात सांगितले नाही तर बाकीचे जुन्याच आकड्यावर चालतात.

ज्याच्या हातात ॲड-ऑन आहे त्याच्यासाठी

आतापर्यंत आम्ही मुख्य धारकाच्या बाजूने बोललो. दुसरी बाजूही आहे. वर्षानुवर्षे ॲड-ऑन कार्ड नीट वापरणाऱ्या मुलीला किंवा गृहिणीला वाटते की आपली पत तयार होते आहे. पण फेडीचा इतिहास ज्याचे देणे त्याच्या नावावर जमा होतो. ॲड-ऑन धारकाच्या रिपोर्टवर ते खाते दिसले तरी 'अधिकृत वापरकर्ता' एवढीच नोंद असू शकते, आणि अनेकदा काहीच दिसत नाही. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. तो काढून मालकीचा रकाना वाचावा, अंदाज करत बसू नये.

स्वतःची पत हवी असेल तर पगारपत्रक नसलेल्यांसाठी मुदत ठेवीवरचे क्रेडिट कार्ड हा मार्ग आहे. बँकेत 15,000 ची ठेव ठेवली तर तिच्या साधारण 80 ते 90 टक्के लिमिटचे कार्ड स्वतःच्या नावावर मिळते, ठेवीवर व्याज चालू राहते आणि फेडीची नोंद स्वतःच्या नावावर होते. चुकवले तर बँक ठेवीतून वसूल करते, भावाच्या पगारातून नाही. वरच्या घरातल्या धाकट्यासाठी आम्हाला हाच तोडगा योग्य वाटतो : दादाचे कार्ड परत, आणि दोन महिन्यांच्या बचतीतून स्वतःची ठेव. आईला तर कर्जाची गरजच नाही, तिला फक्त औषधाच्या दुकानात पैसे देता यायला हवेत. त्यासाठी यूपीआय सर्कल पुरते. त्यात थोरला आपल्या बँक खात्यातून महिन्याला 15,000 पर्यंत आणि एका वेळी 5,000 पर्यंत खर्चाची परवानगी आईच्या फोनला देऊ शकतो. पैसे असतील तेवढेच जातात, त्यामुळे व्याजाचा प्रश्न येत नाही.

कार्ड परत घेताना

लग्न मोडते, भाऊ वेगळे राहतात, किंवा नुसताच अबोला धरतात. अशा वेळी लोक कार्ड मागून घेतात, कापतात आणि विषय संपला समजतात. कार्डाचा क्रमांक मात्र शॉपिंगच्या ॲपमध्ये आणि महिन्याच्या वर्गणीत साठवलेला असतो, आणि प्लास्टिक कापल्याने तो बंद होत नाही. म्हणून त्या दिवशी आधी ॲपमधून ते कार्ड लॉक करावे, मग ते ॲड-ऑन बंद करण्याची लेखी विनंती द्यावी आणि क्रमांक जपून ठेवावा. संपूर्ण क्रेडिट कार्ड खातेच बंद करायचे असेल तर सर्व देणे फेडल्यावर बँकेने ते सात कामकाजाच्या दिवसांत बंद करायचे असते, उशीर झाला तर दिवसाला 500 रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. त्या कार्डावर आधी घेतलेले हप्ते मात्र कार्ड बंद झाले तरी मुख्य धारकाच्या खात्यावर चालूच राहतात. वेगळे होताना भांड्याकुंड्यांची यादी करतात, तशी या हप्त्यांचीही करावी.

वसुलीचा फोन ॲड-ऑन धारकाला किंवा शेजाऱ्यांना आला तर तो नियमाला धरून नाही. कर्जदाराच्या कुटुंबीयांना आणि ओळखीच्यांना त्रास देणे किंवा चारचौघांत अपमान करणे वसुली प्रतिनिधींना मना आहे, आणि सकाळी 8 च्या आधी व संध्याकाळी 7 नंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही. तारीख, वेळ, नंबर लिहून बँकेकडे तक्रार करावी. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. त्यासाठी वकील किंवा शुल्क लागत नाही.

मुख्य धारकाचा मृत्यू झाला तर ॲड-ऑन कार्ड त्या दिवसापासून वापरू नये, अंत्यविधीच्या खर्चालाही नाही. बँकेला मृत्यूचा दाखला देऊन खाते थांबवायला सांगावे. मृताचे देणे वारसांकडून मागता येते, पण त्यांना वारशात जेवढे मिळाले तेवढ्याच मर्यादेपर्यंत. बायकोकडे ॲड-ऑन होते एवढ्यावरून नवऱ्याचे सगळे देणे तिच्या पगारावर येत नाही. संयुक्त जबाबदारीचे कलम असलेल्या करारावर तिची सही असेल तर प्रश्न वेगळा होतो, आणि तेव्हा अर्जाची प्रत हातात असावी लागते. प्रत नसेल तर बँकेकडे लेखी मागावी, आणि ती मिळेपर्यंत कुठल्याही नव्या कागदावर सही करू नये.